पासष्ट वॉटचा चार्जर, पंधरा वॉटचा करार

नव्या चार्जरच्या खोक्यावरचा ६५ हा आकडा दुकानाच्या दारातूनही वाचता येतो. चार्जर हातात घेतला की त्याच्या पोटावर करड्या, बारीक अक्षरांत आणखी एक मजकूर सापडतो आणि तो बहुतेक जण वाचत नाहीत. ‘आउटपुट’ या शब्दापुढे तिथे चार जोड्या छापलेल्या असतात: ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट ३ अँपिअर, १५ व्होल्ट ३ अँपिअर, २० व्होल्ट ३.२५ अँपिअर. शेवटच्या जोडीचा गुणाकार केला की ६५ येतात. खोक्यावरचा आकडा खोटा नाही, पण तो वीस व्होल्ट घेणाऱ्या यंत्रासाठी, म्हणजे लॅपटॉपसाठी आहे. आता हाच चार्जर सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस२४ अल्ट्रा या फोनला लावून पाहा. फोन ४५ वॉटपर्यंत घेऊ शकतो, त्याच्या खोक्यात चार्जर येत नाही, म्हणून घरात आलेला हा नवा ६५ वॉटचा चार्जर त्याला लावणे स्वाभाविकच. पडद्यावर ‘सुपर फास्ट चार्जिंग’ उमटत नाही, नुसते ‘फास्ट चार्जिंग’ उमटते, आणि मध्ये मीटर लावला तर तो १५ वॉटच्या आसपास थांबतो. त्याच फोनला त्याच कंपनीचा २५ वॉटचा लहानसा चार्जर लावा, तो जास्त वेगाने भरू लागतो. पासष्टचा चार्जर पंचवीसच्या चार्जरपुढे हरतो, आणि तरीही दोघांपैकी कोणीही नादुरुस्त नसतो.

‘चार्जर डुप्लिकेट निघाला’ हे निदान अशा वेळी सर्रास केले जाते, आणि माझ्या मते ते बहुतेकदा चुकते. वॉट हा चार्जरच्या अंगचा गुण नव्हे. चार्जर, केबल आणि फोन या तिघांनी प्लग बसताक्षणी केलेल्या कराराचा तो आकडा असतो. करार झाला नाही, तर तिघेही पाच व्होल्टच्या सुरक्षित पायरीवर थांबतात, आणि तसे त्यांनी थांबावे म्हणूनच ही व्यवस्था रचलेली आहे. त्यामुळे चार्जर चांगला की वाईट हे विचारत बसण्यापेक्षा करार नेमका कुठे अडला ते शोधणे जास्त उपयोगाचे ठरते.

करार होतो कसा, ते आधी पाहू. टाइप-सी जोडणीचे पहिले मानक ऑगस्ट २०१४मध्ये प्रसिद्ध झाले. या पोर्टात चोवीस संपर्कबिंदू असतात. त्यांतले चार वीज आणतात, चार ती परत नेतात, आणि दोन बिंदूंना सीसी म्हणतात. सगळी बोलणी या दोघांपैकी एकावरून चालतात. टाइप-सी चार्जर भिंतीत नुसता खोचलेला असताना त्याच्या तोंडाशी वीज नसतेच. फोनच्या बाजूला दोन्ही सीसी बिंदूंवर ५.१ किलोओहमचा एकेक रोध असतो. तो सीसी तारेवर दिसला की पलीकडे वीज मागणारे कोणीतरी आहे हे चार्जर ओळखतो आणि आधी फक्त पाच व्होल्ट सोडतो. मग त्याच तारेवरून तो आपली यादी पाठवतो, चार्जरच्या पोटावर छापलेली तीच यादी. फोन तीतली एक ओळ निवडून मागणी करतो, चार्जर होकार देतो, व्होल्टेज बदलतो आणि तयार झाल्याचे कळवतो. डोळ्याचे पाते लवेपर्यंत हे आटोपते. या भाषेला यूएसबी पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी म्हणतात. या व्यवहारात मागणारा फोन असतो, चार्जर फक्त देऊ करतो. म्हणूनच मोठ्या वॉटच्या चार्जरने लहान फोन जळेल ही भीती नियमाने बनवलेल्या चार्जरच्या बाबतीत निराधार आहे. चार्जर फोनच्या घशात वीज कोंबत नाही.

मग पासष्टचा चार्जर पंधरावर का अडला? कारण त्याच्या यादीत एक ओळच नव्हती. पीडीच्या २०१७च्या आवृत्तीत पीपीएस नावाची सोय नीट रुजली. साध्या पीडीत ५, ९, १५, २० अशा ठरावीक पायऱ्या असतात; पीपीएसमध्ये फोन व्होल्टेज वीस-वीस मिलिव्होल्टने वर-खाली मागू शकतो. इतकी बारीक मागणी फोन का करतो, याचे उत्तर उष्णतेत आहे. बॅटरी साधारण पावणेचार ते साडेचार व्होल्टची असते आणि बाहेरून येतात नऊ. हा फरक फोनच्या आत उतरवावा लागतो, आणि उतरवताना काही वीज उष्णता होऊन वाया जाते. पंधरा वॉटला ती उष्णता सोसते, पंचेचाळीसला सोसत नाही. म्हणून वेगाने भरणाऱ्या अनेक फोनमध्ये आलेले व्होल्टेज बरोबर निम्मे करणारी एक वेगळी चिप असते. ती फार थोडी वीज वाया घालवते, पण तिची एक अट आहे: येणारे व्होल्टेज बॅटरीच्या जेमतेम दुप्पट हवे. बॅटरी भरत जाते तसे तिचे व्होल्टेज चढते, म्हणून चार्जरनेही बरोबरीने चढत जायला हवे. ठरावीक नऊ व्होल्टवर ही चिप चालत नाही. मग फोन जुन्या, जास्त तापणाऱ्या मार्गाने वीज घेतो, आणि तापू नये म्हणून कमीच घेतो. चार्जरच्या पोटावर ‘पीपीएस ३.३ ते ११ व्होल्ट, ३ अँपिअर’ अशी ओळ असती, तर हा फोन पंचवीस वॉटच्या घरात गेला असता. पंचेचाळीससाठी त्या ओळीत तीनपेक्षा जास्त अँपिअर हवेत. ६५ हा आकडा या प्रश्नाचे काहीच उत्तर देत नाही.

इथे एक आक्षेप रास्त आहे. सगळ्या फोनना एकाच आकाराचे भोक आहे, तर सगळ्यांची भाषाही एक का नसावी? ही वेगळाली कुंपणे म्हणजे ग्राहकाला बांधून ठेवण्याची युक्ती नव्हे का? काही अंशी ती आहेच. पण इतिहासही पाहायला हवा. क्वालकॉमचे क्विक चार्ज २.० आले २०१३मध्ये आणि ओप्पोचे व्हूक २०१४मध्ये, म्हणजे टाइप-सी फोनमध्ये रुळण्याआधी आणि पीपीएसच्या कितीतरी आधी. क्विक चार्ज डेटाच्या दोन तारांवर ठरावीक व्होल्टेज ठेवून नऊ-बारा व्होल्ट मागत असे. व्हूकने उलटी वाट धरली. व्होल्टेज पाचच ठेवले, प्रवाह चार अँपिअरपर्यंत नेला आणि उतरवण्याचे काम फोनच्या पोटातून काढून चार्जरमध्ये टाकले, म्हणजे उष्णता हातातल्या फोनऐवजी भिंतीपाशी राहील. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हा चांगला विचार होता, पण त्यासाठी चार्जर आणि केबल दोन्ही त्याच घराण्याचे लागले. आपल्याकडे ओप्पो, वनप्लस, रिअलमी, विवो, शाओमी यांचे फोन घरोघरी आहेत. एका घराण्याचा ८० वॉटचा चार्जर दुसऱ्या घराण्याच्या फोनला लावला, की दोघांना समान येणारी जी भाषा असेल तिच्यावर ते उतरतात, आणि ती पुष्कळदा दहा-अठरा वॉटचीच असते. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४पासून नव्या फोनना टाइप-सी सक्तीचे केले, आणि १५ वॉटच्या वर जाणाऱ्या यंत्राला पीडी कळलेच पाहिजे अशी अटही घातली. भारतीय मानक ब्युरोने टाइप-सीचे मानक जानेवारी २०२३मध्ये जाहीर केले. या पावलांनी भोक एक झाले आणि किमान बोली एक झाली. कमाल वेगाची बोली मात्र अजून ज्याची त्याची आहे, आणि कोणती बोली येते ते खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापण्याची सक्ती व्हायला हवी असे मला ठामपणे वाटते. ‘६५ वॉट’ या आकड्याखाली ‘पीपीएस नाही’ हे दोन शब्द असते, तर वरच्या उदाहरणातला गोंधळ दुकानातच मिटला असता.

करारातली तिसरी पक्षकार केबल. तिच्याकडे आपण नुसती तार म्हणून पाहतो, आणि इथेच पुष्कळ नवे चार्जर बदनाम होतात. दोन्ही टोकांना सी असलेल्या कोणत्याही नियमातल्या केबलने ३ अँपिअर वाहून न्यायलाच हवेत. वीस व्होल्टला त्याचे ६० वॉट होतात. त्यावर ५ अँपिअर हवे असतील, तर केबलच्या प्लगमध्ये ई-मार्कर नावाची बारीकशी चिप लागते. चार्जर जास्तीचा प्रवाह देऊ करण्याआधी तिला विचारतो, ‘तू किती सोसतेस?’ उत्तर आले नाही, तर तो तिला तीन अँपिअरची धरतो आणि यादीतल्या वरच्या ओळी दाखवतच नाही. वरच्या फोनला आता योग्य पीपीएस चार्जर आणला, पण केबल जुन्या फोनसोबत आलेली तीन अँपिअरचीच ठेवली, तर तो पंचेचाळीसवर जाणार नाही, पंचवीसवरच थांबेल. केबलचा जाडपणा, वेणीदार कापडी आवरण, धातूची टोके यांतून हे काहीच कळत नाही. टाइप-सीच्या मानकात केबलला ३ आणि ५ अँपिअर अशा दोनच पायऱ्या आहेत, त्यामुळे ‘६ अँपिअर’ असे छापलेली केबल एखाद्या विशिष्ट कंपनीच्या पद्धतीसाठी असेल तर ठीक, पीडीसाठी त्या सहाला अर्थ नाही. मे २०२१च्या पीडी ३.१ने मर्यादा २४० वॉटपर्यंत नेली, आणि तेव्हापासून प्रमाणित केबलवर ६० किंवा २४० वॉट असा आकडा छापायचा असे ठरले. केबल घेताना हाच एक आकडा विचारावा.

उलटेही घडते. जून २०१९मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकात दोन सीसी बिंदूंना वेगवेगळा रोध देण्याऐवजी एकच सामाईक दिला गेला होता. साध्या केबलने तो व्यवस्थित चाले. ई-मार्कर असलेली चांगली केबल लावली, की तिच्या चिपमुळे चार्जरला पलीकडे ऑडिओचे उपकरण असल्याचा भास होई आणि तो वीजच सोडत नसे. निर्मात्यांनी चूक मान्य केली आणि पुढच्या आवृत्तीत ती सुधारली. चूक यंत्राची होती, पण ज्यांनी उत्तम केबल विकत घेतली होती त्यांना केबलच वाईट वाटली असणार.

एका टोकाला जुना चौकोनी ए-प्लग असलेल्या केबलला सीसीवरून बोलणी करताच येत नाहीत, कारण ए-पोर्टात तो बिंदूच नाही. तिथे पीडी संपते आणि फक्त डेटा-तारांवरून चालणाऱ्या जुन्या पद्धती उरतात. त्यातही केबल ‘फक्त चार्जिंगची’ असेल, म्हणजे आत डेटाच्या तारा घातलेल्याच नसतील, तर तेही दार बंद. लहान पंखे आणि इअरबड यांच्यासोबत अशा केबल येतात आणि घरच्या खणात बाकीच्या केबलमध्ये मिसळून जातात.

भाषा जुळूनही केबल आणखी एका मार्गाने वेग खाते, आणि तो मार्ग शाळेतल्या ओहमच्या नियमाचा आहे. २८ गेजच्या तांब्याच्या बारीक तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. वीज जाऊन परत येते, म्हणून एक मीटरच्या केबलमध्ये दोन मीटर तार, म्हणजे ०.४३ ओहम. तीन अँपिअर वाहिले तर वाटेत जवळजवळ १.३ व्होल्ट गळतात. मानकानुसार पूर्ण प्रवाहाला जाण्या-येण्यात मिळून पाऊण व्होल्टच गळायला परवानगी आहे. २४ गेजच्या तारेत हीच गळती अर्ध्या व्होल्टवर येते. फोनला हे कळते. तो प्रवाह हळूहळू वाढवत नेतो, आणि तोंडाशी व्होल्टेज खचू लागले की मागे हटतो. केबल दोन मीटरची घेतली की गळती दुप्पट. पलंगापासून लांब असलेल्या बोर्डासाठी घेतलेली लांबलचक, बारीक केबल म्हणूनच निराश करते.

म्हणून दोन सी टोकांमध्ये लावायचा छोटा पडदेवाला मीटर मला या सगळ्यात सर्वांत उपयोगी वाटतो. त्यावर व्होल्ट आणि अँपिअर वेगवेगळे वाचायचे, नुसता वॉटचा गुणाकार पाहायचा नाही. व्होल्ट पाचावरच खिळलेले असतील, तर करारच झालेला नाही: भाषा जुळली नाही, किंवा सीसीची वा डेटाची वाट तुटली आहे. (जुन्या व्हूकसारख्या, पाच व्होल्टवरच जास्त प्रवाह देणाऱ्या पद्धती याला अपवाद.) व्होल्ट नऊच्या आसपास चढले पण अँपिअर अर्ध्यावरच थांबले, तर आधी पीपीएसची ओळ पाहावी, मग केबलचा रोध किंवा पोर्टाची झीज. नाहीतर फोन स्वतःच आवरते घेत असतो. त्या शेवटच्या शक्यतेसाठी चाचणी बॅटरी वीस-तीस टक्क्यांवर असताना, पडदा बंद ठेवून, फोन गार असताना घ्यावी. ऐंशी टक्क्यांवर कुठलाही फोन वेग कमी करतो आणि एप्रिलच्या दुपारी तापलेला फोन तर सुरुवातीपासूनच. सेटिंगमध्ये फास्ट चार्जिंग बंद केलेले नाही ना, हेही तेव्हाच पाहून घ्यावे. दोन-तीन तोंडांच्या चार्जरला दुसरे काही लावलेले असेल तर ते काढावे. बरेचसे चार्जर दुसरे यंत्र लागताच वाटणी बदलतात आणि पहिल्याला कमी देतात.

‘नामांकित कंपनीचा, मानक ब्युरोची खूण असलेला चार्जर घेतला की झाले’ हा सल्ला लॅमिंग्टन रोडपासून गावातल्या मोबाइलच्या टपरीपर्यंत सगळीकडे मिळतो. तो सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यच आहे. भिंतीतले २३० व्होल्ट आणि तुमचा हात यांच्यामधले अंतर नीट राखलेले आहे याची तपासणी त्या खुणेमागे असते, आणि ती नसलेला चार्जर वेगवान असला तरी घेऊ नये. पण ती खूण वेगाबद्दल काही सांगत नाही. आपल्या उदाहरणातला पासष्टचा चार्जर तिच्या कसोटीला पूर्ण उतरूनही पंधराच देतो.

चार्जर बदलला, केबल बदलली, भाषा जुळते, तरी गाडी पुढे जात नाही, तेव्हा फोनच्या पोर्टाकडे पाहायचे. मानकानुसार या पोर्टाने दहा हजार वेळा प्लग घालणे-काढणे सोसायला हवे, म्हणजे रोज तीनदा लावले तरी नऊ वर्षे. मग ते दोन वर्षांत ढिले का वाटते? बऱ्याचदा ते झिजलेले नसते, भरलेले असते. खिशातले कापसाचे तंतू आत जातात, आणि दर वेळी आत शिरणारा प्लग त्यांना तळाशी ठेचून त्यांची नमद्यासारखी घट्ट चकती करतो. प्लग मग पूर्ण आत जात नाही. बोटाला जाणवणारी शेवटची ‘टच्’ येत नाही, प्लगच्या कडेला धातूची नेहमीपेक्षा रुंद पट्टी दिसते, आणि केबल आपल्याच वजनाने गळून पडते. फोन बंद करून, विजेरीच्या उजेडात, लाकडी दातकोरणीचे टोक चपटे करून ही चकती कडेने अलगद उचकटून काढावी. टाचणी किंवा सुई घालू नये. मधल्या पातळ जिभेवर संपर्कबिंदू अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने आहेत. धातूचे टोक दोन शेजाऱ्यांना जोडते किंवा मुलामा खरवडते.

खरी झीज ओळखायची तर प्लग काढून, उलटा करून पुन्हा लावावा. टाइप-सी दोन्ही बाजूंनी बसतो, पण दोन्ही वेळा फोनचे तेच बिंदू वापरत नाही. केबलमध्ये सीसीची तार एकच असते. एका बाजूने ती फोनच्या एका सीसी बिंदूला टेकते, उलट केल्यावर दुसऱ्याला. डेटाच्या जोडीचेही तसेच. म्हणून एका बाजूने वेग मिळतो आणि दुसऱ्या बाजूने नाही असे वारंवार झाले, तर चार्जरवरचा संशय काढून टाकावा. फोनच्या एका बाजूचा बिंदू गेला आहे. मात्र चार्जरकडचे टोक या वेळी हलवायचे नाही, नाहीतर काय बदलले ते कळणार नाही. सीसी बिंदू पूर्ण तुटला असेल, तर सी-टू-सी केबलवर त्या बाजूने फोन चार्जच होणार नाही. अर्धवट टेकत असेल, तर चार्जिंगचा आवाज पुन्हा पुन्हा येईल. दोन्ही बाजूंनी सारखाच मंद, आणि पोर्टाचा खालचा भाग हाताला कोमट लागतो, असे असेल तर वीज वाहणारे बिंदूच झिजलेले किंवा गंजलेले असतात. कोकणाच्या दमट हवेत, पावसात भिजलेला फोन तसाच चार्जिंगला लावला, की व्होल्टेज असलेल्या बिंदूंवर हिरवट गंज चढतो आणि तो दातकोरणीने निघत नाही.

‘मंद झाला तर झाला, बॅटरी तेवढीच टिकेल,’ असे यावर कोणी म्हणेल. मंद चार्जिंग बॅटरीला सोसते, हे खरे. पण मंदपणा दोन जातींचा असतो. करार पंधरा वॉटचा झाला म्हणून आलेला मंदपणा निरुपद्रवी आहे. रात्रभर तसाच ठेवा. झिजलेल्या बिंदूमुळे आलेला मंदपणा मात्र वाया जाणाऱ्या विजेचा आहे. ती वीज त्या बिंदूतच उष्णता होते, उष्णतेने बिंदूची पकड आणखी सैल होते आणि रोध आणखी वाढतो. प्लगच्या टोकाचे प्लास्टिक पिवळट पडले किंवा जळका वास आला, तर ती केबल त्या दिवशीच फेकून द्यावी आणि पोर्ट बदलून घ्यावे.

पोर्ट बदलणेही वाटते तितके सरळ नाही. पुष्कळ फोनमध्ये ते एका वेगळ्या छोट्या सब-बोर्डावर असते आणि तो बोर्ड पट्ट्याने मुख्य बोर्डाला जोडलेला असतो, म्हणून काम अर्ध्या तासाचे आणि स्वस्तातले. पण बाजारात त्याच फोनचे दोन तऱ्हेचे सब-बोर्ड मिळतात. स्वस्त बोर्डावर फास्ट चार्जिंगला लागणारी चिप बसवलेली नसते, किंवा विजेच्या वाटा बारीक ठेवलेल्या असतात. फोन चार्ज होतो, दुरुस्ती झाली असे वाटते, आणि घरी गेल्यावर तो पुन्हा दहा वॉटवर. आता संशय बिचाऱ्या चार्जरवर जातो आणि नवा चार्जर विकत घेतला जातो. म्हणून फोन दुरुस्तीला टाकतानाच ‘फास्ट चार्जिंगच्या आयसीचा बोर्ड टाका’ असे सांगावे, आणि पैसे देण्यापूर्वी, आपला चार्जर आणि आपली केबल लावून, फोन तीस टक्क्यांच्या खाली असताना, प्लग आधी एका बाजूने आणि मग उलटा करून, दोन्ही वेळा मीटरवरचे व्होल्ट वाचून घ्यावेत.